चुकणार हे माहीत असलेला अंदाज

‘मास्टरमाइंड’ खेळताना जवळजवळ प्रत्येकजण एक नियम न शिकवताच पाळतो: जो अंदाज बरोबर असण्याची शक्यता उरलेली आहे, तोच लावायचा. जो नक्की चुकीचा आहे तो लावून एक पाळी कशाला वाया घालवा? नियम शहाणपणाचा वाटतो, पण त्यानेच माणसे सहाव्या-सातव्या ओळीपर्यंत रखडतात. या खेळात कधीकधी सर्वांत चांगली चाल ती असते, जी उत्तर असूच शकत नाही हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. हे असे का, ते पाहू.

खेळ सोपा आहे. इस्रायलचे मोर्डेकाय मेरोविट्झ यांनी १९७० च्या सुमारास तो बनवला आणि इंग्लंडमधल्या लेस्टरच्या इन्विक्टा प्लास्टिक्स या कंपनीने बाजारात आणला. मुळातला आकड्यांचा खेळ त्याआधीपासून कागद-पेन्सिलीवर खेळला जात होता. मेरोविट्झ यांनी आकड्यांच्या जागी रंगीत खुंट्या आणि भोके पाडलेली फळी आणली, आणि त्यामुळे तो घराघरांत गेला. एकजण सहा रंगांमधून चार खुंट्या निवडून आडोशामागे ओळीने लावतो. एकच रंग पुन्हा वापरायला मुभा असते. दुसरा अंदाजाने चार खुंट्या लावतो. लपवणारा त्यावर उत्तर देतो ते लहान खुंट्यांनी: रंग आणि जागा दोन्ही बरोबर असेल तर काळी, रंग आहे पण जागा चुकली तर पांढरी. कोणती खुंटी कशाबद्दल मिळाली ते मात्र सांगत नाहीत. चार काळ्या आल्या की खेळ संपला.

रंगांची नावे पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्यांना १ ते ६ असे आकडे देऊ. म्हणजे लाल-लाल-निळा-निळा याऐवजी ११२२. एका जागी सहा पर्याय, जागा चार, म्हणून एकूण गुपिते ६ × ६ × ६ × ६ = १२९६.

पुढे जाण्याआधी उत्तर मोजण्याची रीत पक्की करायला हवी, कारण घरोघरी इथेच भांडणे होतात. समजा गुपित ३२११ आहे आणि अंदाज लावला १११३. अंदाजात १ तीनदा आहे, म्हणून कित्येकजण तिन्हींबद्दल काहीतरी देऊन मोकळे होतात. ते चूक आहे. प्रत्येक रंगासाठी अंदाजातली संख्या आणि गुपितातली संख्या यांतली लहान घ्यायची. १ साठी तीन आणि दोन, म्हणून दोन. ३ साठी एक आणि एक, म्हणून एक. बेरीज तीन. यातल्या जागेवर बरोबर किती? फक्त तिसरी. म्हणजे एक काळी, आणि उरलेल्या दोन पांढऱ्या. एक पांढरी जास्त दिली तर ओळखणारा भलत्याच वाटेला लागतो. त्याला हे कळते ते शेवटी, जेव्हा आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरांशी जुळणारे एकही गुपित शिल्लक राहत नाही. तसे झाले की पुढे अंदाज करत बसू नये, सरळ उत्तरे पुन्हा तपासायला सांगावे.

आता पहिला अंदाज. सुरुवातीला काहीच माहीत नसते, तेव्हा काय फरक पडतो, काहीही लावा, असे वाटते. पण रंगांची नावे बाजूला ठेवली तर पहिल्या अंदाजाचे प्रकार पाचच आहेत: चारही सारखे (११११), तीन आणि एक (१११२), दोन-दोन (११२२), दोन आणि दोन वेगळे (११२३), आणि चारही वेगळे (१२३४). प्रत्येक प्रकार १२९६ गुपितांची वाटणी वेगळ्या तऱ्हेने करतो. कारण दिलेल्या अंदाजाला प्रत्येक गुपिताचे एक ठरलेले उत्तर असते, आणि एकच उत्तर देणारी सगळी गुपिते एका गटात पडतात. उत्तरे एकूण चौदा प्रकारची असू शकतात. तीन काळ्या आणि एक पांढरी असे उत्तर येत नाही, कारण तीन जागेवर बसल्या तर चौथीला चुकायला दुसरी जागाच उरत नाही.

११११ लावून पाहा. एकही खुंटी आली नाही तर प्रत्येक जागी १ सोडून पाच रंग उरले, म्हणजे ५ × ५ × ५ × ५ = ६२५ गुपिते. जवळजवळ निम्मा ढीग जसाच्या तसा. बहुतेक लोक याच्या उलट टोकाला जातात आणि १२३४ लावतात, चार रंग एकदम तपासून होतील या हिशेबाने. पण दोन पांढऱ्या हे उत्तर आले तर ३१२ गुपिते शिल्लक राहतात. ११२२ दिसायला गरीब. तरी त्याचा सर्वांत मोठा गट २५६ चा आहे, मग उत्तर काहीच नाही असे येवो, एक काळी येवो की एक पांढरी. उरलेल्या दोन प्रकारांत हा आकडा ३१७ (१११२) आणि २७६ (११२३) आहे. नशीब कितीही फिरले तरी शक्यता कमीत कमी उराव्यात असे मनात असेल, तर सुरुवात ११२२ नेच करावी.

हा विचार संपूर्ण खेळभर चालवून दाखवला तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी. ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’मध्ये १९७६-७७ च्या अंकात त्यांचा छोटासा लेख आला. त्यांची रीत एका वाक्यात मावते: प्रत्येक पाळीला सर्व १२९६ अंदाज तपासा, प्रत्येकाने उरलेल्या शक्यतांचे गट कसे पडतात ते मोजा, आणि ज्याचा सर्वांत मोठा गट सर्वांत लहान असेल तो अंदाज लावा. या रीतीने कुठलेही गुपित जास्तीत जास्त पाच अंदाजांत सापडते, हे त्यांनी दाखवले. यातला ‘सर्व १२९६’ हा भाग महत्त्वाचा. उरलेल्या शक्यतांपैकीच अंदाज निवडावा असे बंधन ते घालत नाहीत. दोन अंदाज सारखेच चांगले असतील तर मात्र उत्तर असू शकणारा घ्यावा, एवढेच.

याचा फायदा एका डावात नीट दिसतो. ११२२ लावले आणि तीन काळ्या मिळाल्या असे समजू. लावणारा खूश होतो, आता एकच तर बदलायची! पण मोजून पाहा. चारपैकी कोणतीही एक जागा चुकलेली असू शकते, आणि तिथे दुसऱ्या पाच रंगांपैकी कोणताही असू शकतो. चार गुणिले पाच, वीस गुपिते. पहिल्या जागेवर चूक असेल तर २१२२, ३१२२, ४१२२, ५१२२, ६१२२. दुसऱ्या जागेवर असेल तर १२२२, १३२२, १४२२, १५२२, १६२२. तसेच तिसऱ्या आणि चौथ्या जागेचे पाच-पाच.

नेहमीचा खेळाडू आता यातलेच एक लावतो, समजा ३१२२. त्याला दोन काळ्या मिळाल्या आणि पांढरी एकही नाही, तर आठ गुपिते उरतात. दोन काळ्या आणि एक पांढरी आली तर सहा, तीन काळ्या आल्या तर चार. तीन काळ्यांचे हे उत्तरच सर्वांत फसवे आहे. चूक पहिल्या जागेवर आहे हे नक्की झाले, मग २१२२, नाही तर ४१२२, नाही तर ५१२२, असे एकेक करून पाहायचे. प्रत्येक वेळी तेच उत्तर येते, तीन काळ्या, आणि प्रत्येक पाळीला एकच नाव यादीतून कमी होते. गुपित ६१२२ असेल तर ते सहाव्या अंदाजाला हाती लागते. दारात उभे राहून गुच्छातली किल्ली एकामागून एक घालत बसण्यासारखे हे आहे. वीसपैकी दुसरे कोणतेही गुपित अंदाज म्हणून निवडले तरी सर्वांत मोठा गट आठपेक्षा लहान होत नाही. २१२२ सारखे, म्हणजे नवा रंग न आणता १ च्या जागी २ टाकणारे, निवडले तर तो दहाचा होतो.

आता यादीबाहेरचा एक अंदाज घेऊ: १२२३. हा उत्तर असूच शकत नाही, कारण हेच गुपित असते तर ११२२ ला तीन नव्हे, दोनच काळ्या मिळाल्या असत्या. तरी तो लावायचा. का? यात जुने दोन रंग मुद्दाम सरकवून बसवले आहेत. चूक कोणत्या जागेवर आहे त्याप्रमाणे उत्तर बदलावे अशी ती मांडणी आहे. नवा रंग ४, ५ किंवा ६ असेल तर पहिल्या जागेच्या चुकीला एक काळी-दोन पांढऱ्या येतात, दुसरीला दोन काळ्या-एक पांढरी, तिसरीला एक काळी-एक पांढरी आणि चौथीला नुसत्या दोन काळ्या. चार जागा, चार वेगळी उत्तरे. शेवटच्या भोकातला ३ जाताजाता आणखी एक रंग तपासून घेतो. वीस गुपितांचे सात गट पडतात: पाच, चार, चार, तीन, दोन, एक आणि एक. सर्वांत वाईट गट पाचचा. ३१२२ ने पडले होते तेही पाचच गट, आणि त्यातला मोठा आठचा. जिंकण्याची विसातली एक संधी सोडून आपण हे विकत घेतले.

गुपित ६१२२ च आहे असे धरून डाव पुढे नेऊ. १२२३ ला उत्तर येते एक काळी, दोन पांढऱ्या. उरली पाच: २१२२, ४१२२, ५१२२, ६१२२ आणि एक वेगळे, ११३२. पुन्हा यादीबाहेरचाच अंदाज: २४३३. गुपित २१२२ असते तर एक काळी, ४१२२ असते तर दोन पांढऱ्या, ११३२ असते तर एक काळी-एक पांढरी. एकच पांढरी आली तर राहिले ५१२२ आणि ६१२२. आपल्याला एकच पांढरी मिळते. आता नाणेफेक. चौथ्या अंदाजाला ५१२२ लावले आणि नशीब नसले, तर पाचव्याला ६१२२. सगळे फासे उलटे पडूनही पाच.

मघाच्या पाचांचे एकाच अंदाजाने पाच वेगळे गट करता आले असते का? नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. यातली चार गुपिते फक्त पहिल्या खुंटीत वेगळी आहेत. अंदाजातली पहिली खुंटी त्या चार रंगांपैकी फार तर एकाशी जुळेल. उरलेल्या तीन रंगांना अंदाजात इतरत्र असल्यास एक पांढरी वाढते, नसल्यास वाढत नाही. एवढे दोनच मार्ग आहेत. तीन गुपिते आणि दोन उत्तरे म्हटल्यावर कुठलीतरी दोन एकत्र पडणारच. म्हणून दोन गट आकाराने सारखे असले तरी सोडवायला सारखे असतीलच असे नाही. पाच गुपिते चारही जागांवर विखुरलेली असतील तर ती एका फटक्यात सुटी करायला जास्त वाव असतो; एकाच जागेवर अडकलेली चार मात्र हट्टी निघतात. गटाचा नुसता आकार मोजणाऱ्या कोणत्याही रीतीची ही मर्यादा आहे, क्नूथ यांच्या रीतीचीही.

पाचऐवजी चार अंदाजांत सगळी गुपिते पकडणारी एखादी हुशार पद्धत निघू शकेल का, हा प्रश्न साहजिक आहे. निघू शकणार नाही, आणि त्याला संगणक लागत नाही. पहिला अंदाज कोणताही असो, नशीब वाईट असेल तर किमान २५६ गुपिते उरतात. दुसरा अंदाज त्यांचे फार तर चौदा गट करील. २५६ ला १४ ने भागले तर अठरापेक्षा जास्त येतात, म्हणजे निदान एका गटात १९ किंवा अधिक राहणार. तिसरा अंदाज त्या १९ चे पुन्हा फार तर चौदा गट करील, म्हणजे कुठेतरी दोन गुपिते एकत्र राहणारच. चौथ्या अंदाजाला दोन्ही एकदम बरोबर येऊ शकत नाहीत.

हे सगळे हाताने कसे करायचे? २५६ गुपितांची यादी करत बसण्यात अर्थ नाही, तिथे दोन-दोन रंगांची जोडी आणि थोडा अंदाजपंचे भरवसा ठेवावा. पण यादी वीस-पंचवीसवर आली की कागद घ्यावा. उरलेली सगळी गुपिते एकाखाली एक लिहावीत. मनात एक अंदाज धरावा आणि ‘हे गुपित असते तर मला काय उत्तर मिळाले असते’ ते प्रत्येकासमोर लिहावे. सारखी उत्तरे मोजावीत. मग दुसरा अंदाज घेऊन तेच करावे. तीन-चार अंदाज असे तपासले तरी चांगला कोणता ते कळते. त्यात निदान दोन यादीबाहेरचे असू द्यावेत, नाहीतर एवढा खटाटोप व्यर्थ. यादीत एकाच भोकात रंग बदलत गेलेली तीन-चार गुपिते दिसली, तर ते रंग मुद्दाम दुसऱ्या भोकांत टाकून पाहावेत, कारण तिथे मिळणारी पांढरी खुंटी तुम्हाला जिंकवत नाही, पण रंग सांगून जाते. दोनच गुपिते उरली असतील तर मात्र हा सगळा हिशेब सोडून सरळ त्यातले एक लावावे. बरोबर आले तर संपले, नाही तर दुसरे आहेच. तिथे यादीबाहेरचा अंदाज लावणे म्हणजे खरोखर पाळी फुकट घालवणे. पुष्कळ लोक ही युक्ती नवी शिकल्यावर नेमके इथे चुकतात.

आता राहिला प्रश्न मापाचा. सर्वांत मोठा गट लहान करायचा, हे क्नूथ यांचे माप. ते सावध माणसाचे माप आहे: नशीब वाईटच असेल असे धरून चालायचे. पण आपण एकच डाव जीव तोडून खेळत नाही, संध्याकाळभर खेळतो. मग सरासरी किती गुपिते उरतात हे पाहणे जास्त योग्य नाही का? रॉबर्ट अर्विंग यांनी १९७० च्या दशकातच हे माप घेतले. पहिल्याच अंदाजात गंमत दिसते. ११२२ नंतर सरासरी २०५ गुपिते उरतात, १२३४ नंतर १८८, आणि ११२३ नंतर १८५. म्हणजे माप बदलले की पहिली चालच बदलते. क्नूथ यांच्या रीतीने सर्व १२९६ गुपिते एकेकदा सोडवली तर एकूण ५८०१ अंदाज लागतात, म्हणजे एका डावाला सुमारे ४.४८. अर्विंग यांच्या रीतीने ५६६२, म्हणजे ४.३७.

यापेक्षा चांगले किती करता येते याचे अंतिम उत्तर केंजी कोयामा आणि टोनी लाय यांनी १९९३ मध्ये दिले. त्यांनी एकेका पाळीपुरते न पाहता संपूर्ण खेळाची झाडे संगणकावर तपासली. सर्वांत कमी एकूण अंदाज येतात ५६२५, सरासरी ४.३४. पण त्या पद्धतीत एखादे गुपित सहाव्या अंदाजापर्यंत जाऊ शकते. पाचपेक्षा जास्त कधीच लागू नयेत अशी अट घातली तर एकूण होतात ५६२६. फरक १२९६ डावांत मिळून एका अंदाजाचा. एवढ्यासाठी सहाव्या ओळीचा धोका पत्करण्यात काही शहाणपण नाही. पाचात बांधलेली पद्धतच मला या खेळाची खरी उत्तम पद्धत वाटते.